तूर, टोपली आणि तीन गती: वर्गातल्या अनुप्रासाची गोष्ट



आजचा विषय ऐकून काही जणांच्या चेहऱ्यावर हसू येईल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पहिली-दुसरीच्या लेकरांच्या टंग ट्विस्टरवर तासभर बोलणार म्हणजे काय? पण त्याला कारण घडलं. निलंग्याच्या काही प्राथमिक शिक्षकांनी आम्हाला विचारलं, ‘सर, आमच्या उच्चाराच्या तासासाठी अनुप्रासाची चार कडवी करून द्या. मुलांना पटापट म्हणता आली पाहिजेत.’ आम्ही बसलो आणि लगेच लक्षात आलं की या मागणीत एक गाठ आहे. एकाच अक्षराने भरलेलं कडवं हवं, ते जीभ अडखळवणारंही हवं आणि भरभर म्हणता येईल इतकं सोपंही हवं. या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात का? ती गाठ सोडवताना आम्हाला फार मागे जावं लागलं. तोच प्रवास आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक समज बाजूला करू. बहुतेकांना वाटतं की एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं की जीभ अडखळते. हे खरं नाही. म्हणून बघा:

कडबा कापा, कुट्टी करा,
कोठीमधला कोंडा भरा,
कावळा करतो काव काव,
काकडी कापून काकूला दाव.

आम्हीच रचलेलं आहे, काव्य म्हणून त्याची किंमत करू नका. पण कितीही वेगाने म्हणा, जीभ अडखळत नाही. उलट ‘क’ पुढच्या ‘क’ला हात देतो, रस्ता तयार असतो. शुद्ध अनुप्रास जिभेला सोपा असतो. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात जवळजवळ एकट्या ‘न’ या व्यंजनावर श्लोक बांधला. त्याचा अर्थ लावताना पंडितांना घाम फुटतो, पण तोंडाला त्याचा त्रास नाही. कारण ‘न’ला तिथे प्रतिस्पर्धीच नाही. जीभ चुकायची तर चुकून जायला दुसरं घर लागतं, आणि ते शेजारचं लागतं. म्हणजे अडखळवतं ते अक्षरांचं साम्य नसून जवळपणा. ‘क’ आणि ‘म’ यांची गल्लत कुणी करत नाही. ‘त’ आणि ‘ट’, ‘स’ आणि ‘श’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांची होते.

आता मागे जाऊ. उच्चाराचा इतका बारीक विचार आपल्याकडे कधी झाला? वेदपठणाच्या निमित्ताने झाला, आणि त्यासाठी शिक्षा व प्रातिशाख्य नावाचे स्वतंत्र ग्रंथ तयार झाले. इथे ‘शिक्षा’ म्हणजे छडी नाही हं, उच्चाराचं शास्त्र. पाणिनीच्या नावावर चालणाऱ्या शिक्षेत एक सुंदर उपमा आहे. वाघीण आपली पिल्लं दातांत धरून नेते. ती पडू नयेत आणि त्यांना दातही लागू नयेत, इतपतच तिची पकड असते. वर्ण तसे उच्चारावेत, असं तो ग्रंथ सांगतो. सैल धरलं की अक्षर गळतं, आवळलं की चिरडतं. वर्गात ही उपमा आम्ही सांगितली तेव्हा एक पोरगी म्हणाली, ‘आमची मांजर बी तसंच नेती.’ बरोबर आहे. वाघीण न पाहिलेल्यांसाठी मांजर.

याच ग्रंथात वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाऊन म्हणणारा, घाई करणारा, डोकं हलवणारा, लिहिलेलं समोर धरून वाचणारा, अर्थ न समजता म्हणणारा आणि बारीक आवाजाचा. यातला दुसरा आपल्या विषयाच्या मुळावर येतो. घाई करणारा जर वाईट पाठक, तर भरभर म्हणायचं कडवं वर्गात आणायचंच कशाला? पण लगेच त्याच ठिकाणी चांगल्या पाठकाचे सहा गुणही दिले आहेत, आणि त्यांत शेवटचा आहे लयसामर्थ्य. म्हणजे लय सांभाळण्याची ताकद. घाई हा दोष आणि लयीवर हुकमत हा गुण. दोन्ही एकाच यादीकाराने शेजारी शेजारी ठेवले.

मग वेगाचं नेमकं स्थान कोणतं? प्रातिशाख्य आणि शिक्षा या परंपरेने ते ठरवून टाकलं आहे, आणि आमच्या मते आजच्या व्याख्यानातला सगळ्यात उपयोगी मुद्दा हाच आहे. तिथे बोलण्याच्या तीन गती मानल्या आहेत: द्रुत, मध्यम आणि विलंबित. स्वतःचा अभ्यास करताना द्रुत, प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळी मध्यम आणि शिष्यांना शिकवताना विलंबित, अशी वाटणी आहे. किती सरळ! शिकवणाऱ्याने सावकाश सांगायचं, शिकणाऱ्याने एकट्याने भरभर घोटायचं आणि चार लोकांपुढे मधल्या चालीने म्हणायचं. भरधाव वेग हा सरावाच्या खोलीतला आहे, व्यासपीठावरचा नाही.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एका शाळेत उच्चाराची स्पर्धा झाली, शाळेचं नाव सांगत नाही. परीक्षकांच्या हाती सेकंद मोजायचं घड्याळ होतं आणि जो सगळ्यात कमी सेकंदांत कडवं संपवेल त्याला पहिलं बक्षीस. ज्या मुलाला ते मिळालं त्याचा एक शब्द आम्हाला कळला नव्हता. दुसरी एक मुलगी स्वच्छ म्हणाली, तिला उत्तेजनार्थसुद्धा नाही. ती मुलगी खाली बसली ती पुन्हा कधी मंचावर चढली नाही, असं तिच्या बाई सांगतात. घड्याळ वापरायला आमचा विरोध नाही, ते कधी वापरायचं ते पुढे सांगतोच.

मधल्या काळात हा ध्वनींचा खेळ कवींच्या हाती गेला. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली हकिकत सांगतो. त्याचे ओठ दुखावलेले आहेत, म्हणून त्याची अख्खी गोष्ट ओठ न मिटता उच्चारता येणाऱ्या अक्षरांत लिहिली आहे. प, फ, ब, भ, म गायब. मराठीत हीच करामत मोरोपंतांनी केली. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, आयुष्याचा मोठा काळ बारामतीला गेला, १७९४ साली वारले. एकशे आठ रामायणं त्यांच्या नावावर सांगतात आणि प्रत्येकात काही ना काही अट घातलेली. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण. आता गंमत बघा. ओठ मिटायचे नाहीत, म्हणजे ‘म’ चालत नाही, म्हणजे ‘राम’ म्हणताच येत नाही! लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमान गेला. सीता राहिली, दशरथ राहिला, कैकेयी राहिली. ‘निरोष्ठ रामायण’ हे नावसुद्धा अट मोडल्याशिवाय उच्चारता येत नाही.

ही पंडिती कसरत म्हणून आपण सोडून देतो. पण तिसरीच्या वर्गात तिचा फार छान उपयोग होतो. मुलांना सांगा, दोन ओठांच्या मधे एक पेन्सिल आडवी धरा आणि ओठ न मिटता आपल्या घरातल्यांची नावं सांगा. दोन मिनिटांत कळतं की कोणतं अक्षर ओठांचं, कोणतं दातांचं, कोणतं टाळूचं. फळ्यावर वर्णमालेचे वर्ग लिहून जे दहा तासांत कळत नाही ते इथे हसत हसत कळतं. ‘आई’ म्हणता येते आणि ‘बाबा’ म्हणता येत नाहीत, यावरून आमच्या वर्गात बराच वेळ वाद चालला होता.

तिकडे विलायतेत हाच खेळ शाळेसाठी म्हणून छापला गेला तो १८१३ साली. लंडनच्या जॉन हॅरिस या प्रकाशकाने ‘पीटर पायपर’च्या नावाने एक छोटं सचित्र पुस्तक काढलं. नाव लांबलचक, आणि त्यात स्वच्छ उच्चाराची व्यवहारोपयोगी तत्त्वं असल्याचा दावा. वर्णमालेतल्या एकेका अक्षरासाठी एकेक अनुप्रासी कडवं, सगळी एकाच साच्यातली. पीटर पायपरची ओळ आज जगभर माहीत आहे, पण ती मुळात बालवर्गाच्या उच्चारपुस्तकातून घरोघर पोचली हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या पुस्तकाचा साचा असा की शब्दाचं पहिलं अक्षर सारखं हवं. इंग्रजीच्या मास्तरांमुळे तोच साचा आपल्याकडेही मनात बसला. अनुप्रास म्हणजे ‘क’ने सुरू होणारे शब्द गोळा करा, झालं काम. या साच्यात मराठीचं काय हुकतं ते आता सांगतो, पण त्याआधी जीभ नेमकी कुठे घसरते ते एका कडव्यावर पाहू.

लातूर म्हटलं की तूर आलीच. म्हणून हे दुसरं कडवं:

तात्यानं टोपलीत टाकली तूर,
ताईनं ताटात टिपली तूर;
टोपली तिरकी, ताट तिरपं,
तिरक्या टोपलीत टिकेना तूर.

पहिली ओळ तीनदा, न थांबता म्हणा. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ‘टाकली टूर’ म्हणतात. वर्गात हे झालं की मुलं ओरडतात, ‘टूर निघाली, टूर निघाली!’ आता ओळीतल्या शब्दांची पहिली अक्षरं क्रमाने घ्या: त, ट, ट, त. बाहेर त, आत दोन ट, पुन्हा बाहेर त. शेवटच्या ओळीतही तोच क्रम. हा उलटसुलट क्रम सगळ्यात दगा देतो. त-ट-त-ट अशी पाळी लावली तर जिभेला झोका सापडतो, घड्याळाच्या लंबकासारखी ती आपोआप फिरते. पण त-ट-ट-त मधे झोका मधेच मोडतो. दोनदा ट म्हणून झाल्यावर तिसराही ट च असणार असं आत कुठेतरी धरलं जातं, आणि ‘तूर’ची ‘टूर’ होते. इंग्रजीतल्या शिंपल्यांच्या प्रसिद्ध वाक्यातही श-स-स-श असाच क्रम आहे, ही योगायोगाची गोष्ट नाही.

स्वरांचंही काम असतं. ‘तात्या’ आणि ‘टाकली’ दोन्हींत पहिल्या अक्षराला ‘आ’ आहे, ‘तिरकी’ आणि ‘टिकेना’ दोन्हींत ‘इ’. जवळच्या दोन व्यंजनांना सारखाच स्वर जोडला की त्यांची अदलाबदल जास्त होते. म्हणून कडवं अवघड करायचं असेल तर स्वर सारखे ठेवा, सोपं करायचं असेल तर वेगळे ठेवा. आमच्या ‘कडबा कापा’मधे स्वर सारखे बदलत राहतात आणि शेजारी ‘ग’ किंवा ‘ख’ फिरकत नाही, म्हणून ते पहिलीच्या मुलालाही पळवता येतं. शिक्षकांनी मागितलेल्या तीन गोष्टींची गाठ इथे सुटते. अनुप्रास भरपूर ठेवायचा, जवळच्या अक्षरांची जोडी एकच घ्यायची आणि प्रत्येक ओळीत ती एकाच ठिकाणी मोडायची. दोन जोड्या एकत्र आणल्या की मूल चुकतं आणि त्याला आपण का चुकलो ते कळत नाही. एकच जोडी असली की ते स्वतःच हसतं आणि स्वतःच दुरुस्त करतं.

इथे थोडं तत्त्वज्ञान खपवून घ्या. भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त वाणीच्या पातळ्या सांगतो. वैखरी म्हणजे तोंडातून बाहेर पडणारी, मध्यमा म्हणजे आत, बुद्धीत चाललेली, जिच्यात शब्दांचा क्रम लागलेला असतो पण आवाज नसतो. आणि तिच्याही मागे पश्यंती, जिथे क्रमच आवरून घेतलेला असतो. आता प्रश्न असा, ‘टूर’ ही चूक कुठे होते? आपण म्हणतो जीभ घसरली. पण हेच कडवं मनातल्या मनात, ओठ न हलवता भरभर म्हणून बघा. आतल्या आत ‘टूर’ ऐकू येते की नाही? येते. मनात वाचतानाही अशा ओळींना जास्त वेळ लागतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतही दिसलं आहे. म्हणजे घोटाळा निदान काही वेळा मध्यमेतच झालेला असतो, जिथे क्रम लागतो तिथे. जीभ बिचारी हुकुमाची ताबेदार. वर्गात याचा उपयोग असा की अडखळलेल्या मुलाला ‘जीभ नीट हलव’ असं सांगून काही होत नाही. त्याला ओळीतला क्रम दाखवावा लागतो. बोटाने मोजायला लावा: त, ट, ट, त. पुढच्या खेपेला ते बरंचसं सुधारतं.

आता निलंगा. या गावाच्या जिभेचा इतिहास समजल्याशिवाय इथल्या वर्गासाठी कडवी रचणं म्हणजे अंधारात दगड मारणं. आजच्या मुलांना निलंगा लातूर जिल्ह्यात आहे एवढंच माहीत, आणि लातूर जिल्हासुद्धा १९८२ साली उस्मानाबादमधून निघाला. पण १९५६ पर्यंत निलंगा होतं बीदर जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात. त्या एका बीदर जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा बोलल्या जात. राज्याची कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याचं माध्यमही उर्दू. १९४८च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली आणि १९५६ साली भाषावार रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे मराठी तालुके मुंबई राज्यात आले, जहीराबाद आणि नारायणखेडकडचा तेलुगू भाग आंध्रात गेला, उरलेलं बीदर म्हैसूरला मिळालं. सरकारने नकाशावर रेघ ओढली. जिभांवर रेघ ओढता येत नाही. बाजारात, सोयरिकीत, ऊसतोडीच्या टोळीत त्या भाषा अजून एकमेकींत मिसळतात.

म्हणून निलंग्याच्या एकाच वर्गात तीन घरांची मुलं बसतात. एकाच्या घरी गावाकडची मराठी, दुसऱ्याच्या घरी दखनी उर्दू, तिसऱ्याची आई भालकीकडची, कन्नड बोलणारी. आता ‘ळ’ आणि ‘ण’ घ्या. उर्दूत हे दोन्ही ध्वनी नाहीत. ‘पानी’ हा त्या घरचा शुद्ध शब्द आहे. गावाकडच्या मराठीतही कित्येक घरी ‘पानी’च म्हणतात. कन्नडमधे मात्र ‘ळ’ आणि ‘ण’ दोन्ही ठसठशीत आहेत. म्हणजे ‘ळ’चं कडवं दिलं तर कन्नड घरातलं मूल सगळ्यांच्या पुढे, आणि मराठीचा ज्यांना अभिमान त्यांची पोरं मागे! आणि ‘न-ण’चा विषय निघालाच आहे तर सांगतो, उच्चारशास्त्र ज्याच्या नावावर चालतं त्या पाणिनीच्या नावातच आधी ‘ण’ आणि मग ‘न’ आहे. भरभर तीनदा म्हणून बघा, भलेभले ‘पानिनी’ म्हणतात.

आता त्या लंडनच्या साच्याकडे परत या. पहिलं अक्षर सारखं हवं, हा नियम. पण मराठीत ‘ळ’ने सुरू होणारा शब्दच नाही. ‘ण’ची गतही तीच. म्हणजे आपल्या मुलांना ज्या ध्वनींचा सराव सर्वांत जास्त हवा, तेच या साच्यातून निसटतात. शिक्षक मुलांना क, ख, ग ची कडवी देत राहतात आणि मग परीक्षेत ‘शाळा’चं ‘साला’ झालं म्हणून गुण कापतात. ‘ळ’चा अनुप्रास शब्दाच्या पोटात करावा लागतो. असा:

ओळीनं लोळल्या ओल्या लिंबोळ्या,
बाळीनं वेचल्या पिवळ्या लिंबोळ्या,
मळ्यातल्या मुलीला मिळाल्या ओल्या,
माळावर लोळल्या काळ्या लिंबोळ्या.

‘लोळल्या’ या एका शब्दात ल-ळ-ल आहे, आणि ‘ओळीनं’ व ‘ओल्या’ यांतला फरक नीट केला नाही तर अर्थच बदलतो. हे कडवं अवघड आहे. आम्ही ते चौथीच्या खाली देऊ नका असं सांगितलं, आणि स्पर्धेत तर मुळीच नको. कारण सांगतो. ज्या कडव्यात एका घरचं मूल चुकणारच आणि दुसऱ्या घरचं चुकणारच नाही, ते कडवं खेळ राहत नाही. ती जात-धर्म-गाव ओळखण्याची परीक्षा होते, आणि वर्ग हसतो तो नेहमी त्याच दोन-तीन मुलांना. ‘तात्यानं टोपलीत’मधे असं होत नाही, कारण त आणि ट या चारही भाषांत आहेत. तिथे गुरुजी चुकतात, हेडमास्तर चुकतात, पुण्याहून आलेला पाहुणाही चुकतो. स्पर्धेसाठी अशी जोडी घ्यावी. ‘ळ’ आणि ‘ण’ सरावासाठी ठेवावेत, बाकावर, दोघादोघांत, जिथे हसणारा वर्ग नसतो.

एक जोडी आणखी आहे आणि ती खास मराठीची आहे. आपल्याकडे ‘च’ दोन आहेत, पण अक्षर एकच. मोजा: चार, पाच. ‘चार’मधला च टाळूचा, ‘पाच’मधला दातांजवळचा, ‘त्स’कडे झुकणारा. ‘चार’ म्हणजे आकडा आणि ‘चारा’ म्हणजे बैलाचं खाणं, यांतला च एक नाही. ‘चोच’ मधे दोन्ही दातांचे, ‘चोची’ म्हटलं की दुसरा टाळूवर जातो, कारण पुढे ‘ई’ आली. कन्नडमधे हा भेद नाही, तेलुगूत आहे. लिहिण्यात दिसत नाही, म्हणून पाठ्यपुस्तक तो शिकवू शकत नाही. तो तोंडानेच शिकवावा लागतो. त्यासाठी हे:

चार चिमण्या चाकावर,
चार चोची चिंचेवर;
चिंच चाखता चोच चिकटली,
चिवचिव चुकली चौकावर.

डोळ्यांना हा नुसता ‘च’चा अनुप्रास दिसतो, ‘कडबा कापा’सारखाच सोपा. कानाला मात्र तिसऱ्या ओळीत पुन्हा तोच उलटसुलट क्रम ऐकू येतो: टाळूच्या ‘च’ने सुरुवात, मधे दातांचे ‘च’, शेवटी ‘चिकटली’मधे पुन्हा टाळू. मराठी घरातलं मूल हा फरक कुणी न शिकवता करतं, आणि त्याला आपण काय करतो हे माहीतच नसतं. त्याला तळहात तोंडापुढे धरून, जिभेचं टोक कुठे टेकतं याकडे लक्ष देऊन, सावकाश ‘चार’ आणि ‘पाच’ म्हणायला लावा. आपल्याच बोलण्यात दडलेली गोष्ट सापडल्यावर त्या मुलाचे डोळे बघण्यासारखे होतात.

शेवटी तासाची पद्धत, कारण शिक्षकांनी तीच मागितली होती. पहिल्या दिवशी बाई किंवा गुरुजी कडवं विलंबित म्हणतात, ओळीमागून ओळ, आणि अर्थ सांगतात. तूर टिपणं म्हणजे काय हे शहरातून आलेल्या मुलाला माहीत नसतं. पुस्तक हातात द्यायचं नाही. सहा दोषांतला ‘लिहिलेलं समोर धरून’ आठवा. दुसऱ्या दिवशी मुलं दोघादोघांत द्रुत म्हणतात, आणि घड्याळ लागलंच तर ते इथे, ज्याचं त्याच्या हाती, कालच्या आपल्याच वेळेशी तुलना करायला. तोंडाने मोजली तर तुरीच्या कडव्यात तीसेक अक्षरं होतात. आपण सहज बोलतो तेव्हा सेकंदाला पाचेक अक्षरं जातात, म्हणजे हे कडवं सहा सेकंदांचं. चार सेकंदांच्या आत संपलं तर काहीतरी गिळलं गेलं असं समजावं. गिळलं काय हे ओळखायची खूण सोपी आहे. शब्दाचा शेवट ऐका. घाई झाली की ‘टोपलीत’चा ‘त’ आणि ‘तात्यानं’चं ‘नं’ आधी गळतं. दुसरी खूण श्वासाची. ओळीच्या मधे श्वास घेतला तर वेग त्या मुलाच्या दमाबाहेरचा आहे, एक पायरी खाली यायचं.

तिसऱ्या दिवशी मध्यम चालीने वर्गापुढे. पाच मुलं, प्रत्येकाला एकदाच संधी, आणि ऐकणाऱ्यांनी डोळे मिटायचे. डोळे मिटलेला वर्ग चुकणाऱ्याचं तोंड पाहत नाही, त्यामुळे हसण्याचा जोर कमी होतो, आणि ‘टूर’ कुठल्या ओळीत निघाली ते त्याला जास्त नेमकं ऐकू येतं. मग वर्गाने सांगायचं ते नाव नाही, ओळ. ‘चौथी ओळ, शेवटचा शब्द.’ पुढच्या आठवड्यात मुलांनी स्वतःची कडवी रचून आणावीत असं आम्ही सुचवलं होतं. अट एकच, जवळच्या अक्षरांची जोडी एक. पहिल्याच खेपेला एका पोराने ‘ड’ आणि ‘द’ घेतले आणि दादाला डबा, दाराला डांबर असं काहीबाही जुळवून आणलं. म्हणताना तो स्वतःच दुसऱ्या ओळीत अडकला.